पडद्यावर प्रोफेसर, घरात आजी

'अस्तु'मधले चक्रपाणी शास्त्री संस्कृतचे पंडित. 'मैंने गांधी को नहीं मारा'मधले उत्तम चौधरी हिंदीचे प्राध्यापक. बंगाली 'मयूराक्षी'तले सुशोभन इतिहासाचे निवृत्त प्राध्यापक, आणि अमेरिकेतल्या 'स्टिल अॅलिस'ची नायिका तर भाषाशास्त्र शिकवणारी. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसावरचे चित्रपट ओळीनं बघायला घेतले की आधी हेच डोळ्यांत भरतं. जो विसरतो तो जवळजवळ नेहमी पुस्तकातला माणूस असतो.

याचं कारण उघड आहे. विसरणं पडद्यावर दाखवायचं तर काहीतरी मोठं निसटताना दिसायला हवं. ज्याला शेकडो श्लोक पाठ होते त्याला मुलीचं नाव आठवत नाही म्हटलं, की प्रेक्षकाला धक्का बसतो आणि पटकथेचं निम्मं काम होऊन जातं. पण भोर-वेल्ह्याच्या खोऱ्यांत (वेल्ह्याला आता राजगड तालुका म्हणायचं) ज्या घरांत हे दुखणं आहे तिथं विसरणारी बहुधा एखादी आजी असते. ती शाळेत दोन-तीन वर्षं गेली असेल किंवा गेलीच नसेल. तिचं सगळं शहाणपण हातांत होतं : भाताची रोपं किती अंतरावर लावायची, तांदळाच्या भाकरीच्या उकडीला पाणी किती, चुलीतला जाळ कधी मागं ओढायचा. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनं भारतात साठीच्या पुढच्या दर शंभरांत सुमारे ७.४ जणांना, म्हणजे अंदाजे ८८ लाख लोकांना, स्मृतिभ्रंश असल्याचं सांगितलं. त्यात पुरुषांपेक्षा बायकांचं आणि शहरांपेक्षा खेड्यांचं प्रमाण जास्त निघालं. पडद्यावर मात्र प्रोफेसरच.

या निवडीचा परिणाम नुसता सामाजिक नाही, तो ओळखण्यातही होतो. चित्रपट बघून आपण समजतो की हा आजार शब्द हरवण्यापासून सुरू होतो. प्राध्यापक वर्गात अडखळला की लगेच कळतं. पण एकत्र घरातल्या आजीला ना चेकवर सही करायची असते, ना कुठं व्याख्यान द्यायचं असतं. तिचं चुकतं ते कामाच्या क्रमात. आमटीत मीठ दोनदा पडतं. दूध चुलीवर ठेवून ती परसात जाते आणि तिथंच बसून राहते. आयुष्यभर नेसलेलं लुगडं नेसताना मध्येच हात थांबतो. घरातलं कुणीतरी ते काम हातातून घेतं, 'आता वय झालं' म्हणतं आणि पुढं दोन वर्षं कुणाला काही वावगं वाटत नाही. ज्या मायेनं काम काढून घेतलं जातं, तीच माया आजार झाकते. मग एका रात्री आजी दार उघडून चालू लागते, किंवा पुण्याहून आलेल्या मुलाला 'तुम्ही कुठले?' विचारते, तेव्हा घर हादरतं. म्हणून हे चित्रपट बघताना शब्दांकडे कमी आणि हातांकडे जास्त बघावं. चांगल्या नटांनी ते हातही नीट केलेले असतात.

मराठीत या विषयावरचं ठळक नाव एकच, आणि ते फार चांगलं आहे. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'अस्तु' २०१३ चा. महाराष्ट्रातल्या चित्रपटगृहांत तो लागला तेव्हा २०१६ उजाडलं होतं आणि त्या प्रदर्शनासाठी लोकवर्गणी करावी लागली होती. चक्रपाणी शास्त्रींचं काम डॉ. मोहन आगाशे यांनी केलं. ते स्वतः मानसोपचारतज्ज्ञ आणि पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयात शिकवलेले. त्यामुळे या भूमिकेत आजाराचा अभिनय दिसत नाही, आजारातला माणूस दिसतो. गोंधळलेला चेहरा करण्याचा सोपा मार्ग ते घेत नाहीत. त्यांच्या शास्त्रींना बराच वेळ सगळं ठीकच वाटतं, गोंधळ उडतो तो भोवतालच्यांचा. घरात ज्यांनी हे बघितलंय त्यांना हा तपशील लगेच पटेल.

गोष्ट साधी आहे. मुलगी इरा (इरावती हर्षे) वडिलांना घेऊन बाहेर पडते. ती गाडीपासून दूर असताना त्यांना रस्त्यात हत्ती दिसतो आणि ते लहान मुलासारखे त्याच्या मागे निघून जातात. इकडे इरा, तिचा नवरा, धाकटी बहीण, पोलीस असा शोध सुरू होतो. तिकडे शास्त्रीबुवा माहूत आणि त्याची बायको चन्नम्मा यांच्याबरोबर भटकत राहतात. मधे मधे मागचा काळ येतो : वडील कसे होते, आजार कसा शिरला, त्यांना कुणी सांभाळायचं यावर दोन बहिणींत काय काय झालं.

इरा चांगली मुलगी आहे आणि तरी ती चिडते, हा मला या चित्रपटातला सगळ्यात मोलाचा भाग वाटतो. तोच प्रश्न पुन्हा पुन्हा आला की तिचा आवाज चढतो, लगेच अपराधी वाटतं, त्या अपराधीपणानं आणखी चिडचिड होते. सांभाळणाऱ्याला सोबत हवी असते ती इथं मिळते. 'मी एकटीच अशी वाईट वागत नाही' हे कुणी सांगून पटत नाही, दुसऱ्या बाईला तसं वागताना बघितलं की पटतं.

चन्नम्मा त्याच्या दुसऱ्या टोकाला. ती कानडी वळणाचं बोलते, पोटासाठी गावोगाव हिंडते, आणि या म्हाताऱ्याची विद्वत्ता तिच्या गावीही नाही. तो तिला आई म्हणतो, तीही त्याला मुलासारखं वागवते. इरापाशी वडिलांची जुनी मूर्ती आहे आणि समोरच्या माणसाची त्या मूर्तीशी रोज तुलना होते. चन्नम्मापाशी तुलना करायला काहीच नाही, म्हणून तिला ते जमतं. अमृता सुभाषला या भूमिकेसाठी सहायक अभिनेत्रीचा आणि सुमित्रा भावे यांना संवादांसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि दोन्ही रास्त होते.

तरी एक शंका राहते. चन्नम्मानं शास्त्रींना थोडाच काळ सांभाळलं. तेच घरात सहा वर्षं चाललं असतं तर तिचाही आवाज चढला असता. परक्याची माया निर्मळ असते, कारण ती थोड्या वेळाची असते. चित्रपट हे नाकारत नाही, पण त्यावर थांबतही नाही. बघणाऱ्या सुनेनं चन्नम्माला आदर्श मानून स्वतःला कमी लेखू नये, एवढं मात्र मी सांगेन.

हरवण्याची गोष्ट कन्नडमध्येही आहे. हेमंत राव यांच्या २०१६ च्या 'गोधि बण्ण साधारण मैकट्टु'मध्ये अनंत नाग वडील आहेत आणि रक्षित शेट्टी मुलगा. वडिलांना उपचारकेंद्रात ठेवून मुलगा नोकरीसाठी दूर गेलेला. परत आल्यावर तो त्यांना बाहेर घेऊन जातो आणि तिथं वडील हरवतात. आता पत्रक काढायचं तर वर्णन हवं. मुलाला सुचतं ते एवढंच : गव्हाळ वर्ण, साधारण बांधा. चित्रपटाचं नाव तेच आहे. पुढं शोधात त्याला वडील कोण होते ते इतरांच्या तोंडून कळत जातं. मध्येच एक गुन्हेगारीचं उपकथानक घुसतं आणि ते नसतं तरी चाललं असतं, पण ते पत्रक मनातून जात नाही. भोर-वेल्ह्यातली किती तरी मुलं पुण्यात, खेड-शिवापूरच्या कारखान्यांत किंवा मुंबईत. आई आज कोणत्या रंगाचं पातळ नेसली आहे हे त्यांतल्या कुणाला सांगता येईल?

इथं पडद्यापासून जरा बाजूला होतो, कारण हरवण्याच्या बाबतीत हे दोन्ही चित्रपट शहरातले आहेत आणि आपल्याकडची गोष्ट वेगळी आहे. शहरात हरवलेला माणूस कुणाच्या तरी नजरेस पडतो. वरंधा घाटाकडच्या किंवा तोरण्याच्या पायथ्याच्या वाडीतून निघालेला म्हातारा पावसाळ्यात गवतात बसला तर दहा हातांवरून दिसत नाही. हाका मारल्या तरी तो ओ देईलच असं नाही, कारण आपल्याला शोधताहेत हेच त्याला कळत नसतं. म्हणून नुसत्या हाका मारत फिरण्यात अर्थ नसतो, झुडपं आणि ओढ्याचे काठ प्रत्यक्ष बघावे लागतात. सुरुवात घराजवळून करायची : गोठा, पडवी, शेजारचं बंद घर, विहीर, पाणवठा. मग त्याच्या जुन्या आयुष्यातल्या वाटा. पूर्वी कसत असलेलं रान, देऊळ, एसटीचा थांबा. पोलिसांत कळवायला चोवीस तास थांबावं लागतं हा समज चुकीचा आहे. ११२ ला लगेच फोन करता येतो.

आणि एक वाट आपल्याकडची खास. हे आजारी लोक संध्याकाळ झाली की 'मला घरी जायचंय' म्हणू लागतात. दिवे लागणीच्या सुमारास वाढणारी ही अस्वस्थता डॉक्टरांच्या चांगल्या ओळखीची आहे. पण भोर-वेल्ह्यात भाटघर, नीरा देवघर, गुंजवणी, पानशेत, वरसगाव अशी धरणंच धरणं. ज्याचं गाव धरणात गेलं त्याचं 'घर' पाण्याखाली आहे, आणि त्याचे पाय त्याच दिशेला वळू शकतात. 'अहो, हेच आपलं घर' असं समजावून उपयोग होत नाही, त्याला ते खोटंच वाटतं. 'चला, पण आधी चहा घेऊ, घर कसं होतं ते सांगा' असं म्हणून थोडा वेळ त्याच्याबरोबर चाललं तर बऱ्याचदा ती अस्वस्थता ओसरते. ही गोष्ट कुणी चित्रपटात आणलेली माझ्या पाहण्यात नाही. भोरच्या राजवाड्यात कॅमेरे नेहमी येतात, पण ते राजे-सरदारांसाठी.

वाद न घालण्याचं हेच तत्त्व जाहनू बरुआंच्या 'मैंने गांधी को नहीं मारा'मध्ये (२००५) मोठ्या प्रमाणावर वापरलंय. उत्तम चौधरींना (अनुपम खेर) वाटतं की आपल्या हातून गांधीजींचा खून झाला. मुलगी त्रिशा (उर्मिला मातोंडकर) आणि डॉक्टर त्यांच्यासाठी खोटं न्यायालय उभारतात, खटला चालवतात. त्यांच्या जगात शिरून त्यांना तिथून सोडवायचं, ही कल्पना सुरेख आहे. पण आजार म्हणून बघाल तर सावध राहा. इथं लहानपणीची जखम आणि स्मृतिभ्रंश एकत्र कालवले आहेत. प्रत्यक्षात भ्रमाचं मूळ सापडलं म्हणून स्मृतिभ्रंश हटत नाही. या चित्रपटानंतर एखादा मुलगा आईच्या बोलण्यात गुपित शोधत बसेल, तर त्यात त्याचाच जीव शिणेल. तो उर्मिला मातोंडकरसाठी बघावा. थकलेल्या मुलीचं हसणं कसं असतं ते तिनं अचूक पकडलंय.

आता सूनबाईकडे येऊ, कारण आपल्याकडे खरी सांभाळणारी तीच. आणि पडद्यावर तीच गायब आहे. 'अस्तु'त मुलगी, 'गांधी'त मुलगी. आशा भोसले यांनी वयाच्या ७९ व्या वर्षी ज्यात भूमिका केली त्या 'माई'तही (२०१३) आईला सांभाळते ती मुलगीच, पद्मिनी कोल्हापुरे. मुलगी सांभाळते तेव्हा लहानपणाच्या आठवणी दाखवता येतात. सुनेच्या वाट्याला अशी आठवण नसते. तिला सासूचा जाच आठवत असेल, आणि आज तिलाच सासूचं अंग पुसायचं असतं. केवढी मोठी गोष्ट आहे ही! ती कुणी सांगत नाही.

जवळात जवळ जाणारा चित्रपट इराणचा आहे. असगर फरहादी यांचा 'अ सेपरेशन' (२०११) सुरूच होतो तो सून घर सोडते तिथून. सिमीनला देश सोडायचाय. नवरा नादेर वडिलांना टाकून यायला तयार नाही. वडील तुला ओळखत तरी आहेत का, असं ती विचारते, आणि मी तर त्यांना ओळखतो ना, असं त्याचं उत्तर. ऐकायला उत्तर भारी वाटतं, पण पुढं बघा. नादेर दिवसभर नोकरीवर. वडिलांना सांभाळायला येते ती पैशाला नडलेली, गरोदर राझिये, लांबून बसचा प्रवास करून, लहान मुलीला घेऊन. पहिल्याच दिवशी म्हाताऱ्याचे कपडे खराब होतात. परक्या पुरुषाचे कपडे बदलणं पाप तर नाही, हे ती धर्माच्या जाणकाराला फोन करून विचारते. पुढं तो घराबाहेर निघून जातो आणि ती त्याच्यामागे रस्त्यावर धावते. नंतर एके दिवशी तिला बाहेर जाणं भाग असतं, तेव्हा ती त्याचा हात पलंगाला बांधून जाते. नादेर लवकर परततो तर वडील खाली पडलेले.

बांधून ठेवण्याचं हे दृश्य आपल्याकडच्या लोकांनी जरूर बघावं. जूनच्या शेवटी भाताची लावणी आली की घरातलं प्रत्येक माणूस चिखलात लागतं आणि म्हातारी घरी एकटी. बाहेरून कडी घालून जाणं हा तेव्हाचा सर्रास उपाय. तो करणारे दुष्ट नसतात. पण आत चूल असते, रॉकेल असतं, आणि घाबरलेला माणूस कोंडल्यावर आणखी बिथरतो, पडतो, मांडीचं हाड मोडतं. फरहादी राझियेला खलनायिका करत नाही आणि निर्दोषही ठरवत नाही. तिला आणखी दोन हात हवे होते, ते कुणी दिले नाहीत, हे तो दाखवतो. लावणीच्या दिवसांत दोन-तीन घरांनी मिळून एका माणसाला पाळीनं मागे ठेवणं, किंवा म्हातारीला बांधावर सावलीत बसवून हातात रोपांची जुडी देणं, हे कडीपेक्षा बरं. जुडीवर हात आपोआप चालतात. कामाचा क्रम चुकू लागला तरी एकाच सवयीच्या कृतीची हातांतली आठवण बरीच उशिरा जाते.

सुनेसाठीचा दुसरा चित्रपट फ्लोरियन झेलरचा 'द फादर' (२०२०). ऑस्कर मिळालेला अँथनी हॉपकिन्सचा अभिनय हे त्याचं एक कारण, पण मुख्य कारण मांडणी. बाकीचे चित्रपट आजाऱ्याकडे बाहेरून बघतात, हा आपल्याला त्याच्या डोक्यात बसवतो. घर तेच, पण फर्निचर बदललेलं. मुलगी बाहेर गेली आणि परत आली ती वेगळीच बाई. जेवणाचा एक प्रसंग पुन्हा फिरून येतो. पहिली वीस मिनिटं आपणच चिडतो, चित्रपट नीट सांगत का नाही म्हणून. मग लक्षात येतं, या माणसाचा प्रत्येक दिवस असाच जातो.

त्यात घड्याळाचा एक धागा आहे. म्हातारा घड्याळ स्वतःच लपवतो, विसरतो, आणि सांभाळणारीनं चोरलं म्हणतो. ती काम सोडून जाते. आपल्याकडे घड्याळाच्या जागी बोरमाळ असते, नाहीतर डब्यातले पैसे, आणि आळ येतो सुनेवर. भावकीत बोभाटा होतो, माहेरपर्यंत जातो. 'सासूच्या मनातलं विष बाहेर आलं' असं सगळे धरून चालतात. 'द फादर' बघितल्यावर कळतं की तो आळ म्हणजे रिकाम्या जागेत मेंदूनं भरलेलं स्पष्टीकरण आहे : वस्तू जागेवर नाही, मी हलवल्याचं आठवत नाही, म्हणजे घरात जी सतत वावरते तिनंच घेतली. जी जास्त सांभाळते तिच्यावरच आळ का येतो, याचं उत्तर एवढंच. अशा वेळी 'मी नाही घेतली' म्हणण्यापेक्षा 'चला, शोधू' म्हणून बरोबर शोधणं आणि तिच्या नेहमीच्या लपवण्याच्या जागा ध्यानात ठेवणं, हाच व्यवहार.

बाकीचे थोडक्यात. 'मयूराक्षी' (२०१७) परदेशातून चार दिवसांसाठी आलेल्या मुलाचा आहे. सौमित्र चटर्जी थोर, पण चित्रपट जरा हळवा. 'गोल्डफिश' (२०२३) आई-मुलीचं आधीच बिघडलेलं नातं दाखवतो. दीप्ती नवल आणि कल्की केकलाँ एकमेकींना सहजासहजी माफ करत नाहीत, ते बरं वाटतं. अविनाश अरुण यांचा 'थ्री ऑफ अस' मात्र सांभाळण्याचा नाहीच. आजार नुकताच कळलेली शैलजा (शेफाली शाह) नवऱ्याला घेऊन वेंगुर्ल्याला, लहानपणीच्या गावी जाते. ज्यांच्या घरात अजून सुरुवात आहे, आणि आजारी माणसाशी त्याविषयी बोलता येतं, त्यांच्यासाठी तो आहे. दोन वर्षं उशिरा बघितला तर त्रास होईल.

या सगळ्यांत एक गोष्ट कुठंच नाही, आणि तिच्यामुळे नुकसान होऊ शकतं. चित्रपटात डॉक्टर गंभीर चेहऱ्यानं आजाराचं नाव सांगतात आणि दार बंद होतं. प्रत्यक्षात तपासणीत बी-१२ ची कमतरता, थायरॉइड, नैराश्य, डोक्याला मार लागून आत साचलेलं रक्त, नाहीतर चालू असलेलं एखादं औषध निघू शकतं, आणि त्यावर उपाय असतो. दुसरं, स्मृतिभ्रंश महिन्यां-वर्षांनी वाढतो. बरी असलेली आजी दोन दिवसांत एकाएकी बरळायला लागली, झोपाळली, किंवा तिला नसलेली माणसं दिसायला लागली, तर त्याला म्हातारपणाचा चळ म्हणून सोडू नये. लघवीचा किंवा छातीचा जंतुसंसर्ग, अंगातलं पाणी कमी होणं, यानं तसं होतं. तिला त्याच दिवशी दवाखान्यात न्यायचं. आधीपासून स्मृतिभ्रंश असलेल्यालाही हे होतं, आणि तेव्हा ते हमखास दुर्लक्षिलं जातं.

कुणी काय बघावं? भावंडांत 'आईला कुणी ठेवायचं' हा वाद पेटला असेल तर त्यांनी एकत्र 'अस्तु' बघावा, आणि संपल्यावर लगेच बोलू नये. ज्या सुनेवर आळ आलाय तिनं, आणि तिच्याआधी तिच्या नवऱ्यानं, 'द फादर' बघावा. मोबाइलवर नको. घर कसं बदलत जातं ते छोट्या पडद्यावर निसटतं. 'आई माझी आहे, मी तिला टाकणार नाही' असं छाती पुढं काढून सांगणाऱ्या आणि सोमवारी पहाटेच्या गाडीनं पुण्याला परतणाऱ्या मुलासाठी 'अ सेपरेशन'. रात्र-रात्र जागून दमलेल्या बाईनं यांतलं काहीच बघू नये. कुणीतरी एक रात्र आजीजवळ बसावं आणि तिला झोपू द्यावं.